भिशीची चिठ्ठी आणि प्रबंधातला एक परिच्छेद

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडे जाताना एका झेरॉक्स-बायंडिंगच्या दुकानात मी थांबलो होतो. काउंटरवर मरून रेक्झिनच्या पाच जाड प्रती पडल्या होत्या, सोनेरी अक्षरं अजून हाताला चिकटतील अशी ताजी. समाजकार्याचा प्रबंध, विषय गुलमंडीतले फेरीवाले. वाट बघता बघता वरची प्रत चाळली. तिसऱ्या प्रकरणात हे वाक्य होतं:

> प्रस्तुत संशोधनासाठी संशोधकाने सहेतुक यादृच्छिक नमुना निवड पद्धतीचा वापर करून गुलमंडी परिसरातील १०० फेरीवाल्यांची निवड केली आहे.

व्याकरण ठीक, शब्द भारदस्त, आणि अर्थ लावायला गेलं तर हातात काहीच लागत नाही. 'मी त्याला मुद्दाम चिठ्ठी टाकून बोलावलं' म्हणण्यासारखं ते आहे. मुद्दाम की चिठ्ठी टाकून? गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येऊ शकतात, खरं तर चांगल्या प्रबंधात ते पुष्कळदा येतात. फक्त ते एकाच कामाला लागू होत नाहीत. कुठलं काम मुद्दाम केलं आणि कुठलं चिठ्ठीवर सोडलं, हे सांगण्यासाठीच तो परिच्छेद लिहायचा असतो. नाहीतर तो वाचण्याचं वाचकाला कारण नाही.

### भिशीच्या डब्यात काय काय असतं

हा फरक समजून घ्यायला पुस्तक लागत नाही. बाजारात भिशी चालते. वीस जण दरमहा ठरावीक रक्कम काढतात, वीस चिठ्ठ्या एकसारख्या घडी घालून डब्यात टाकतात, डबा हलवतात आणि एखाद्या लहान पोराला एक चिठ्ठी उचलायला सांगतात. ज्याचं नाव निघेल त्याला त्या महिन्याची रक्कम. पुढच्या महिन्यात त्याची चिठ्ठी डब्यात नसते.

यादृच्छिक नमुना निवडीचे सगळे भाग इथे आहेत. भिशीतले वीस जण ही समष्टी, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते सगळे. डब्यातल्या चिठ्ठ्या ही नमुना चौकट, म्हणजे त्या समष्टीची प्रत्यक्ष हाताशी असलेली यादी. समष्टी आणि चौकट एकच नव्हेत. विसाव्या माणसाची चिठ्ठी लिहायची राहून गेली तर समष्टी वीसचीच राहते, चौकट मात्र एकोणीसची होते, आणि त्या माणसाचं नाव कितीही वेळा डबा हलवला तरी निघणार नाही. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात न टाकणं याला पुनःस्थापनेशिवाय केलेली निवड म्हणतात.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. डबा हलवण्याआधीच आपल्याला माहीत असतं की प्रत्येकाची संधी वीसात एक आहे. ही आधीच माहीत असलेली आणि शून्य नसलेली संधी म्हणजेच निवडीची संभाव्यता. प्रत्येकाची संधी सारखीच असावी असा नियम नाही. कुणाच्या दोन चिठ्ठ्या असल्या तरी चालतं, पण त्या दोन आहेत हे माहीत हवं. हिशेब त्यावरच उभा राहतो.

आता एखाद्या महिन्यात भिशी चालवणाऱ्या मावशी म्हणतात, "या खेपेला चिठ्ठी नको. शकूच्या पोरीचं लग्न आहे, रक्कम तिला देऊ." सगळे मान डोलावतात. ही सहेतुक निवड. तिच्यात गैर काहीच नाही, उलट कारण स्पष्ट आणि सांगण्याजोगं आहे. पण त्या महिन्यात शकूची संधी किती होती, या प्रश्नाला उत्तर नाही. मावशींनी ठरवलं, एवढंच.

म्हणून प्रबंधात पद्धतीचं नाव घालण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: निवड करण्यापूर्वी प्रत्येक एककाची निवडून येण्याची संधी मला सांगता आली असती का? 'हो' असेल तर यादृच्छिक. 'नाही, मी निकष लावून ठरवलं' असेल तर सहेतुक. आणि 'नाही, जो भेटला त्याला विचारलं' असेल तर ती सोयीस्कर नमुना निवड. दुकानातल्या त्या प्रबंधात बहुधा हेच तिसरं घडलं होतं. पण 'सोयीस्कर' हा शब्द लिहायला सगळ्यांना लाज वाटते.

### यादृच्छिक म्हणजे इच्छेला येईल ते नव्हे

घोटाळ्याचं अर्धं मूळ शब्दात आहे. 'यादृच्छिक' ऐकताना कानाला 'इच्छा' ऐकू येते, आणि विद्यार्थी समजतो की आपल्या इच्छेला येईल तो माणूस निवडायचा. पण मधलं अक्षर 'दृ' आहे, 'दि' नव्हे. 'यदृच्छा' शब्द 'यद्' आणि 'ऋच्छा' यांतून येतो. आपसूक घडलेलं, योगायोगानं वाट्याला आलेलं, हा त्याचा इथे घ्यायचा अर्थ. गीतेतला यदृच्छालाभ म्हणजे न मागता मिळालेलं. संख्याशास्त्रानं त्यात आणखी एक अट घातली: योगायोग आपल्या मनातला नको, डब्यातला हवा.

माणसाच्या मनाला योगायोग जमत नाही, हे गुलमंडीत तासभर उभं राहिलं की कळतं. दुपारी चार वाजता हातात प्रश्नावली घेऊन सुपारी हनुमानाच्या मंदिराजवळ उभे राहा आणि 'कुणालाही' निवडा. तुम्ही कुणाकडे जाल? ज्याच्या गाडीभोवती पाच बायका क्लिपा आणि रबरबँड निवडत आहेत, तो तुमच्याकडे बघणारही नाही. जो स्टुलावर बसून मोबाइल बघतोय तो बोलेल, वर चहाही पाजेल. म्हणजे धंदा मंद असलेले विक्रेते तुमच्या प्रश्नावलीत जास्त येणार. मग सरासरी रोजची विक्री कमी निघेल आणि निष्कर्षात तुम्ही लिहाल की फेरीवाल्यांची स्थिती हलाखीची आहे. असेलही. पण तुमच्या आकड्यानं ते दाखवलेलं नाही. तुमच्या आकड्यानं फक्त एवढंच दाखवलं की चार वाजता रिकामे बसलेले लोक बोलायला मोकळे असतात.

या एकाच बाजूला झुकण्याला अभिनती म्हणतात. शंभरच्या जागी पाचशे प्रश्नावल्या भरल्या तरी ती कमी होत नाही, कारण पाचशेही त्याच स्टुलावरचे. उलट आकडा मोठा दिसतो म्हणून वाचकाचा विश्वास वाढतो, ते जास्त वाईट.

### गुलमंडीतली यादी कशी करायची

आता हेच काम नीट करायचं तर कसं होईल ते पाहू. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष पाहणीचे नाहीत.

समजा, एका विद्यार्थिनीला गुलमंडीतल्या पथविक्रेत्यांच्या कर्जाविषयी अभ्यास करायचा आहे. पहिला निर्णय असतो जागेचा. शहरात शहागंज आहे, टीव्ही सेंटर आहे, तिनं गुलमंडीच का घेतली? उत्तर सरळ आहे: जुन्या शहरातली दाट बाजारपेठ, कपड्यांच्या पक्क्या दुकानांसमोरच पथारी लागते, आणि तिथल्या लोकांशी तिची ओळख आहे. ही निवड सहेतुक आहे आणि तसंच लिहावं. ओळख हेही कारण लिहावं. ते लपवण्यासारखं नाही.

दुसरं काम यादीचं. २०१४च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगर पथविक्रेता समितीनं किमान पाच वर्षांतून एकदा पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं. अशी यादी मिळाली तर उत्तम आरंभ, पण ती जशीच्या तशी नमुना चौकट म्हणून वापरू नये. पाच वर्षांत काही जण धंदा सोडून गेलेले असतात, काही नवे आलेले असतात, एका गाडीवर दोन भावांची नावं असतात. डब्यात गेलेल्यांच्या चिठ्ठ्या आहेत आणि आलेल्यांच्या नाहीत, अशी ती अवस्था.

म्हणून आपली विद्यार्थिनी पायी फिरून यादी करते. हद्द आधी ठरवते: पैठण गेट ते गुलमंडी चौक, आणि चौकातून मछली खडकापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजू. एक फेरी पुरत नाही, कारण सकाळी भाजी किंवा फुलं विकणारा संध्याकाळी नसतो आणि संध्याकाळचा खेळणीवाला सकाळी नसतो. ती तीन फेऱ्या करते: कामाच्या दिवशी सकाळी अकरा, कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा, आणि रविवारी संध्याकाळी सहा. वहीत नाव लिहीत नाही. डावी बाजू, कुठल्या दुकानासमोर, काय विकतो, एवढंच टिपते. दिवाळीचे पंधरा दिवस ती वगळते. तेव्हा पणत्या आणि आकाशकंदील विकणारे पाहुणे विक्रेते इतके येतात की यादी फुगते आणि महिन्याभरात ते कुठेच सापडत नाहीत.

दोनदा आलेल्या नोंदी काढल्यावर २३३ विक्रेते उरतात. तिचा निकष आहे अठरा वर्षं पूर्ण आणि या जागी किमान एक वर्ष धंदा. तो लावल्यावर २३ गळतात. २१० राहतात: ३८ बाया, १७२ पुरुष. ही तिची नमुना चौकट. ज्या प्रबंधात हा आकडाच नाही आणि तरी 'यादृच्छिक' लिहिलेलं आहे, तिथे डबा न भरताच चिठ्ठी काढलेली आहे, असं खुशाल समजावं. मार्गदर्शकानं सगळ्यांत आधी शोधावी ती हीच गोष्ट.

### डबा हलवणं

तिला ७० जणांची मुलाखत घ्यायची आहे, म्हणजे दर तिघांत एक. सगळ्या २१० मधून सरळ ७० काढले तर ती साधी यादृच्छिक निवड. त्यात बाया सरासरीनं १२-१३ येतील, पण एखाद्या वेळी ९ येतील, एखाद्या वेळी १७. तिला बायांच्या कर्जाविषयी काही म्हणायचं असल्यानं हा चढ-उतार नको आहे. म्हणून ती एकाऐवजी दोन डबे करते. एकात बायांच्या ३८ चिठ्ठ्या, दुसऱ्यात पुरुषांच्या १७२. दोन्हींतून तिसरा हिस्सा काढायचा: १३ आणि ५७, एकूण ७०. डबे म्हणजे स्तर. म्हणून ही स्तरित यादृच्छिक निवड, आणि दोन्ही डब्यांतून सारखाच हिस्सा घेतला म्हणून वाटप प्रमाणशीर.

चिठ्ठ्या खऱ्या कागदाच्या करायला हरकत नाही. पूर्वी यासाठी छापील यादृच्छिक अंकांच्या सारण्या वापरत. टिपेटची सारणी १९२७ची, आणि तिचं नाव मराठी प्रबंधांत अजून भक्तिभावानं येतं, सारणी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नसली तरी. आज संगणकावरची साधी तक्त्याची वही पुरते. प्रत्येक नोंदीसमोरच्या रकान्यात हे सूत्र टाकायचं:

```
=RAND()
```

यानं शून्य आणि एक यांच्यामधला एक अंक येतो. मग बायांची यादी त्या रकान्यानुसार चढत्या क्रमानं लावायची आणि वरच्या १३ घ्यायच्या. पुरुषांच्या यादीतले वरचे ५७. एक खाच-खळगा इथे आहे. हे अंक वहीत कुठेही काही टाइप केलं की बदलतात. म्हणून क्रम लावण्याआधी रकाना कॉपी करून त्याच जागी `Paste Special` मधल्या `Values` नं चिकटवायचा, म्हणजे अंक गोठतात, आणि कुणी विचारलं तर तीच यादी दाखवता येते. क्रम मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा अंक पाडले, तर ती चिठ्ठी नव्हे. भिशीत असं करणाऱ्याला लोक दुसऱ्या महिन्याला ठेवणार नाहीत.

### चिठ्ठी निघाली, माणूस नाही

सत्तर चिठ्ठ्या हातात आल्या तरी सत्तर मुलाखती होत नाहीत. पाच जण बोलायला नकार देतात. चार जण तीन वेगवेगळ्या वेळी जाऊनही सापडत नाहीत. विद्यार्थ्याचा हात इथे हमखास शेजारच्या गाडीकडे जातो: हा नाही तर तो. पण जो सापडत नाही तो सापडणाऱ्यापेक्षा वेगळा असण्याची शक्यता दाट असते. वसुलीवाला येतो म्हणून वेळ बदलणारा, माल जप्त झाल्यानं दोन आठवडे घरी बसलेला, आजारी पडलेला. कर्जाच्या अभ्यासाला नेमका तोच हवा होता, आणि शेजारी घेतला की तो कायमचा पुसला जातो, शिवाय आकडा सत्तर दिसत राहतो.

त्यापेक्षा ६१ लिहावं: १२ बाया, ४९ पुरुष. सत्तरपैकी एकसष्ट म्हणजे प्रतिसादाचं प्रमाण ८७.१ टक्के. ही कबुली प्रबंधाला कमीपणा आणत नाही. मला तरी गोल शंभरापेक्षा वाकडा एकसष्ट जास्त खरा वाटतो.

### सहेतुक निवडीची जागा

एवढं ऐकून कुणाला वाटेल की सहेतुक निवड म्हणजे कच्चं काम. तसं नाही. मात्र तिच्याकडून काय मागायचं, यावरून संख्याशास्त्रात खरोखर भांडण झालेलं आहे, आणि ते निकाली निघालं त्या काळात साताऱ्याकडचा एक मराठी तरुण लंडनमध्ये तेच शिकत होता.

इटलीत १९२१च्या जनगणनेचे कागद काढून टाकायची वेळ आली, तेव्हा पुढच्या अभ्यासकांसाठी एक नमुना जपून ठेवायचं ठरलं. कोर्रादो जिनी आणि लुइजी गाल्वानी यांनी २१४ जिल्ह्यांमधून २९ जिल्हे मुद्दाम असे निवडले की सात बाबींमध्ये त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. सात बाबी छान जुळल्या. पण इतर गोष्टी तपासल्या तेव्हा तेच २९ जिल्हे देशापासून बरेच दूर निघाले. ज्यावर नजर ठेवून निवडलं ते जुळलं, ज्यावर नव्हती ते सुटलं. येर्झी नेमन यांनी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सहेतुक आणि यादृच्छिक या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या, आणि समष्टीविषयी अनुमान काढायचं असेल तर स्तर करून प्रत्येक स्तरातून यादृच्छिक निवड करावी, हे गणितानं दाखवलं. तो तरुण म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे; ते त्या वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९३६ साली डॉक्टरेट. पुढे भारतातल्या पिकांच्या नमुना पाहण्यांमध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी हीच विद्या वापरली, आणि १९५४ साली नमुना पाहण्यांवर त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तक आलं.

तेव्हाचा वाद देशाची सरासरी काढण्याचा होता. समाजकार्यात सहेतुक निवडीचं काम निराळं असतं. आपल्या विद्यार्थिनीला आकड्यांखेरीज हेही हवं आहे की कर्ज घेताना बाईच्या मनात आणि घरात काय चालतं. त्यासाठी ती सहा बायांशी दोन-दोन तास बोलते: एकटीनं घर चालवणाऱ्या दोघी, माल जप्त झालेल्या दोघी, सासूकडून जागा चालत आलेल्या दोघी. इथे चिठ्ठी टाकली असती तर सहाही जणी एकाच तऱ्हेच्या निघू शकल्या असत्या. तिला विविधता हवी म्हणून निकष लावून निवड केली. पद्धत योग्य, अट एवढीच की निकष लिहून ठेवावेत, आणि 'सहापैकी चार म्हणजे ६६.६७ टक्के महिलांनी' असं वाक्य पुढे कुठेही येऊ नये. सहा जणींवरून सावकारीचा प्रकार कळतो, त्याचं प्रमाण कळत नाही.

### चिठ्ठीमुळे नेमकं काय मिळालं

प्रमाण ६१ वरून सांगता येतं, आणि किती चुकू शकेल तेही. समजा, ६१ पैकी २४ जणांनी खासगी सावकाराकडून कर्ज घेतलेलं आहे, म्हणजे ३९.३ टक्के. दुसऱ्या चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता. किती, याचं माप म्हणजे प्रमाण त्रुटी. 'त्रुटी' शब्दानं बिचकू नये. इथे कुणी चूक केलेली नाही, सगळ्यांना न विचारता काहींनाच विचारल्याची ती किंमत आहे. साध्या यादृच्छिक निवडीच्या सूत्रानं, आणि समष्टी २१०च असल्याची सूट धरून, ती सुमारे ५.३ टक्के-बिंदू येते. तिची जवळपास दुप्पट दोन्ही बाजूंना घेतली की साधारण २९ ते ५० टक्के असा पल्ला मिळतो. हा ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल: याच रीतीनं पुन्हा पुन्हा नमुने काढले तर शंभरातले सुमारे ९५ पल्ले खऱ्या प्रमाणाला पोटात घेतील. न भेटलेल्या नऊ जणांमुळे आलेली अभिनती मात्र त्यात मोजलेली नाही, आणि ते मर्यादांमध्ये लिहायला हवं.

पल्ला रुंद आहे, मान्य. पण तो सांगता येतो, कारण डब्यातली प्रत्येकाची संधी माहीत होती. सोयीस्कर शंभर जणांवर हेच सूत्र चालवलं तर यंत्र उत्तर देईल, पण त्या उत्तराला टेकू नाही. काई-वर्ग कसोटीचंही तेच. आणि हा पल्लाही गुलमंडीच्या त्या २१० जणांचाच. जागा सहेतुक निवडलेली असल्यानं शहागंजविषयी किंवा 'मराठवाड्यातील पथविक्रेत्यां'विषयी तो काहीच म्हणत नाही. प्रबंधाचं शीर्षक मोठं आणि समष्टी छोटी, ही तक्रार मी इतक्या वेळा लिहिली आहे की आता पेन्सिलीनं फक्त 'कुठले?' एवढंच लिहितो.

### परिच्छेद

आता सगळं एकत्र. चौकटीतला मजकूर प्रबंधाच्या भाषेत आहे.

> नमुना निवड
>
> प्रस्तुत अध्ययनाची समष्टी म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील पैठण गेट ते गुलमंडी चौक व गुलमंडी चौक ते मछली खडक या रस्त्यांवर किमान एक वर्षापासून विक्री करणारे, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेले पथविक्रेते होत. अध्ययनक्षेत्राची निवड सहेतुक असून, जुन्या शहरातील दाट बाजारपेठ व संशोधिकेचा परिसराशी असलेला परिचय ही तिची कारणे आहेत. परिसरात तीन वेगवेगळ्या वेळी प्रत्यक्ष फेरी करून २३३ विक्रेत्यांची यादी केली. निकषांत न बसणारे २३ वगळून २१० विक्रेत्यांची (महिला ३८, पुरुष १७२) नमुना चौकट तयार झाली. सर्वेक्षणासाठी महिला व पुरुष असे दोन स्तर करून, प्रमाणशीर वाटपाने व पुनःस्थापनेशिवाय, संगणकनिर्मित यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने अनुक्रमे १३ व ५७ अशा ७० विक्रेत्यांची स्तरित यादृच्छिक निवड केली. पाच जणांनी नकार दिला व चार जण तीन भेटींनंतरही उपलब्ध झाले नाहीत; त्यांच्या जागी अन्य विक्रेते घेतले नाहीत. प्रत्यक्षात ६१ उत्तरदात्यांकडून (महिला १२, पुरुष ४९) माहिती मिळाली. प्रतिसादाचे प्रमाण ८७.१ टक्के आहे. सखोल मुलाखतींसाठी चौकटीतील सहा महिलांची, अनुभवांतील विविधता हा निकष ठेवून, सहेतुक निवड केली. सर्वेक्षणावरून काढलेली अनुमाने वरील समष्टीपुरती मर्यादित आहेत. सखोल मुलाखतींवरून प्रमाणविषयक अनुमान काढलेले नाही.

'सहेतुक' दोनदा आलं, 'यादृच्छिक' दोनदा, आणि कुठेही एकमेकांना चिकटून नाही.

शब्दांविषयी थोडं. काही पुस्तकांत समष्टीला 'समग्र' किंवा 'विश्व' म्हणतात, सहेतुकला 'उद्देशपूर्ण' म्हणतात. कुठलाही घ्या, पण शेवटपर्यंत तोच ठेवा. तिसऱ्या प्रकरणात 'विश्व' आणि पाचव्यात 'समग्र' आलं की परीक्षकाला त्या दोन गोष्टी वाटतात. 'लोकसंख्या' मात्र टाळावा. अभ्यास शाळांचा किंवा बचत गटांचा असला की 'बचत गटांची लोकसंख्या' असं काहीतरी विचित्र तयार होतं. 'असंभाव्यता नमुना' हा छापील शब्दही मला खटकतो. बोलीत असंभाव्य म्हणजे घडूच न शकणारं, आणि सोयीस्कर नमुना तर रोज घडतो. 'संभाव्यतेवर न आधारलेली निवड' लांब आहे, पण फसवत नाही. राहता राहिला 'नमुना'. गुलमंडीत एखाद्याला "तुमची नमुना म्हणून निवड झाली आहे" असं सांगू नका. माणूस रागावेल, आणि तुमचा प्रतिसाद ८७ वरून आणखी खाली येईल.